मदत हवी आहे: फोटोतला काळानिळा डोळा झाकायचाय, पण कातडी खरी दिसायला हवी

नेत्रा: आईच्या पंचाहत्तरीला सगळं घर जमलं होतं. चारच दिवस आधी मुलाच्या डाव्या डोळ्याखाली चेंडू लागला. फोटोत तिथे मधे जांभळं आणि कडेने पिवळट-हिरवं दिसतंय. आई सगळ्या नातवंडांबरोबर हसतेय असा हा एकच फोटो आहे, मोठा करून भिंतीवर लावायचाय. गिंपमध्ये हीलिंग ब्रशने गालावरची कातडी घेऊन डाग भरला. डाग गेला, पण पापणीखालच्या बारीक रेघाही गेल्या, लांबी भरल्यासारखं दिसतंय. काय चुकतंय?

सदाकाका: पहिल्या दिवशी बर्फाने शेकलं होतं का? आमच्या नातवाला आंबेहळदीने आराम पडला.

नेत्रा: काका, डोळा बरा आहे, डॉक्टरांनीही तपासला. डाग फक्त फोटोत उरलाय.

प्रणव: उजव्या डोळ्याखालचा भाग उचल, आडवा उलटव आणि डावीकडे बसव. सोपं आहे.

नेत्रा: करून पाहिलं. खिडकी त्याच्या उजव्या हाताला होती, त्यामुळे उजेड नाकाच्या दोन्ही बाजूंनी आल्यासारखा वाटतो.

मुक्ता: उजवीकडून घ्यायचं हे बरोबर, पण फक्त रंग घ्यायचा. कातडी फाटलेली नाही, म्हणजे रंध्रं आणि रेघा डागाखाली शाबूत आहेत. फक्त लाल चॅनेल चालू ठेवून बघ, डाग बराच फिका होईल आणि रेघा दिसतील.

वर रिकामा लेअर घेऊन त्याचा मोड `LCh Color` ठेव. उजव्या डोळ्याखालचा रंग उचल. गालाचा नको, तो जास्त गुलाबी असतो. मऊ ब्रश, अपारदर्शकता १०%, हळूहळू हात फिरव. जांभळं-पिवळं जाईल, पण डाग काळपट उरेल, कारण या मोडमध्ये उजेड-अंधार बदलत नाही. त्यासाठी मूळ लेअरची प्रत काढून रंगाच्या लेअरखाली ठेव, `Curves` ने मधला भाग किंचित उचल, प्रतीला काळा मास्क लाव आणि डागापुरतं पांढऱ्या मऊ ब्रशने उघड.

कुठे थांबायचं ते कळायला सगळ्यात वर राखाडी भरलेला लेअर त्याच मोडमध्ये ठेव, म्हणजे नुसता उजेड-अंधार दिसेल. डोळ्याखाली थोडी सावली प्रत्येकालाच असते, ती पुसू नकोस.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय का? मग रंध्रं तिथेच गेली असतील.

नेत्रा: हो, तिथूनच आला होता! भावाकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवली, त्यात रेघा स्पष्ट आहेत. पिवळं दोन हातांत गेलं, जांभळ्याला वेळ लागला. आता फक्त पापणीची सूज दिसतेय.

प्रणव: वार्पने कड जरा खाली ओढ.

मुक्ता: मी नसती ओढली. पापण्यांचे केस वाकडे होतात आणि नजर बदलते.

प्रणव: अगदी छोट्या ब्रशने नाही होत.

नेत्रा: दोन्ही प्रती छापून आईला दाखवते.