मदत हवी आहे: जर्मनीहून आलेल्या पार्सलचं लेबल

मीनल_सांगली: लेबलचा फोटो जोडला आहे. कृपया लवकर मदत करा.

अरविंदकाका: मीनलताई, आधी तो फोटो काढून टाका. त्यावर नावं, मोबाइल आणि ट्रॅकिंग क्रमांक स्वच्छ वाचता येतोय. एवढं कुणाच्या हाती लागलं की 'पत्ता अपुरा आहे, लिंकवर पैसे भरा' असा एसएमएस येतो, आणि तपशील जुळल्यामुळे तो खरा वाटतो. पुन्हा टाकाल तेव्हा बारकोड आणि चौकोनी कोडसुद्धा भरीव काळ्या पट्टीने झाका. फोनमधल्या मार्करची रेघ बरेचदा अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचं दिसतं. आणि नक्की काय हवंय? पार्सल कुठे आहे ते, पत्त्यात दुरुस्ती, की जर्मन मजकुराचा अर्थ?

मीनल_सांगली: फोटो काढून टाकला, धन्यवाद. दादाने म्युनिकहून पाठवलंय. क्रमांक CP ने सुरू होतो, DE ने संपतो. जर्मन साइटवर 'भारतात पाठवलं' यापुढे काही नाही. आणि पिन 416 ऐवजी 461 पडलाय.

सचिन_के: DE आहे म्हणजे फक्त जर्मन साइटवरच दिसणार. थांबा.

अरविंदकाका: DE म्हणजे जर्मनीतून निघालं एवढं बरोबर. CP म्हणजे टपालाचं पार्सल. भारतात उतरलं की हाच 13 अक्षरांचा क्रमांक भारतीय टपालाच्या साइटवर टाकून बघायचा. खरी काळजी पिनची आहे. 461 मध्य प्रदेशात, नर्मदापुरमकडे जातो. छाननी पिनवरून होते, खाली 'सांगली' लिहिलेलं कुणी वाचेलच असं नाही.

वर्षा_नागपूर: माझं पुण्याचं कुरिअर अडकलं होतं, कस्टमर केअरला फोन करून पत्ता बदलून मिळाला. तुम्हीही तसंच करा.

अरविंदकाका: वर्षाताई, ते देशातलं खाजगी कुरिअर. परदेशी टपालात पत्ता बदलायचा हक्क पाठवणाऱ्याचा. दादांनी पावती घेऊन तिथल्या टपालाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा. तुम्ही सांगलीच्या मुख्य टपाल कार्यालयात क्रमांक दाखवून लेखी द्या. वाटेत अडवतीलच याची खात्री मात्र नाही. लेबलवर 'पोहोचलं नाही तर' या ओळीत कुठे खूण आहे? 'Preisgabe' असेल तर पार्सल सोडून दिलं असं धरतात, परत जात नाही.

मीनल_सांगली: खूण 'Rücksendung' वर आहे.

अरविंदकाका: म्हणजे पत्ता सापडला नाही तर दादांकडे परत जाईल, निदान हरवणार नाही. परतीचा खर्च मात्र त्यांच्याकडून घेतील.

मीनल_सांगली: दादाला अर्ज द्यायला सांगते. कस्टमचं शुल्क लागलं तर भरायचं कुठे?

अरविंदकाका: पार्सल हातात घेताना पोस्टमनकडे, पावती घेऊन. एसएमएसमधल्या लिंकवर नाही.