मदत हवी आहे: नगावर घसारा काढतोय, डबल डाय बसवली आणि आकडा फुगला

जमाखर्ची
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा, वर्षअखेर डोक्यावर आलीय. आमच्याकडे एक पॉवर प्रेस आहे, तिच्यावर पत्र्याचे ब्रॅकेट निघतात. बसवून चालू होईपर्यंत ४६ लाख लागले, शेवटी भंगारात ४ लाख येतील असं धरलं, म्हणजे घसाऱ्यात टाकायचे ४२ लाख. वर्षांवर घसारा नको हे तेव्हाच ठरलं होतं, कारण ही प्रेस कधी तीन पाळ्या पळते तर कधी दोन-दोन महिने ताडपत्री टाकून उभी असते. विकणाऱ्याने आणि आमच्या मेंटेनन्सवाल्याने मिळून सांगितलं की ६० लाख स्ट्रोक काढेल, मी ४२ ला ६० ने भागलं, ०.७० आले, आणि दर वर्षी स्टोअरला जेवढे नग जमा झाले त्याला ०.७० ने गुणत आलो.

पहिल्या वर्षी ८,६४,००० नग, घसारा ६,०४,८००. दुसरं वर्ष मंदीचं, ५,७६,००० नग, घसारा ४,०३,२००. इथपर्यंत कोणी काही बोललं नाही. यंदा वर्षाच्या सुरुवातीलाच डबल डाय बसवली, एका ठोक्यात दोन ब्रॅकेट पडतात, नग झाले १६,३२,००० आणि घसारा एकदम ११,४२,४००. साहेब म्हणतात डाय डबल केली ती खर्च उतरावा म्हणून, आणि तुझ्या कॉस्टिंग शीटवर नगामागे मशीनचा घसारा तसूभरही हलला नाही, असं कसं? गणित तीनदा तपासलं, बरोबरच येतंय. मग चुकतंय कुठे?

सरळमार्गी
चुकतंय ते पद्धतीतच. मशीन चालो न चालो, घसारा लावावाच लागतो, बंद ठेवलं म्हणून थांबवता येत नाही. दहा वर्षं आयुष्य धरा, ४२ लाखाचे दहा भाग करा, दर वर्षी ४,२०,००० आणि विषय संपला. मी इतकी वर्षं असंच करतोय, एकाही ऑडिटरने हरकत घेतली नाही.

जमाखर्ची
अहो पण साडेआठ लाख ठोके मारले त्या वर्षी आणि सहा लाख मारले त्या वर्षी सारखाच घसारा, हे मनाला पटत नाही ना. झीज ठोक्याने होते, कॅलेंडरने नाही.

दुसरी बाजू
सरळमार्गींचं अर्धं बरोबर आहे. वर्षांवर घसारा असेल तर मशीन उभी आहे म्हणून तो थांबत नाही, खरं आहे. पण उत्पादनावर असेल तर ज्या काळात उत्पादन शून्य त्या काळात घसाराही शून्य येऊ शकतो, आयएएस १६ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे आणि ही पद्धतही तिथे नाव घेऊन दिलेली आहे. तेव्हा जमाखर्ची, पद्धत बदलू नका. टॅक्सच्या घसाऱ्याचे नियम वेगळे, ते यात मिसळू नका.

आता तुमच्याच वाक्यांकडे बघा. वर पोस्टमध्ये लिहिलंय ६० लाख *स्ट्रोक*, गुणलंय *नगाने*, आणि आत्ता उत्तर देताना तुमच्या तोंडून "साडेआठ लाख ठोके" निघालं. म्हणजे काउंटरचा आकडा तुमच्याकडे आहे. तिन्ही वर्षांचे टाका बरं इथे.

जमाखर्ची
अरेच्चा. हो, लॉगबुकमध्ये आहेत. पहिलं वर्ष ९,००,०००, दुसरं ६,००,०००, यंदा ८,५०,०००. पण मी ते कधी घेतले नाहीत कारण त्यात रिजेक्ट झालेले पण येतात, जे नग विकलेच जाणार नाहीत त्यांचा घसारा कशाला असं वाटायचं.

दुसरी बाजू
रिजेक्ट नग काढतानाही प्रेस तेवढीच झिजली ना. पत्रा वाकडा कापला गेला हे क्रँकच्या बुशला कळत नाही. वरचा आकडा स्ट्रोकचा तर खालचाही स्ट्रोकचाच हवा. पहिली दोन वर्षं एका ठोक्याला एक नग होता, म्हणून फरक फक्त रिजेक्शनचा, शंभरात चार, आणि तो दिसला नाही. यंदा ८,५०,००० ठोक्यांना १७ लाख नग पडले, चार टक्के गेले, उरले तुमचे १६,३२,०००. म्हणजे प्रेस साडेआठ लाख वेळा खाली आली आणि तुम्ही तिला सव्वासोळा लाख वेळा आणलीत.

स्ट्रोकवर काढा: ८,५०,००० गुणिले ०.७० म्हणजे ५,९५,०००. आता साहेबांचा प्रश्न घ्या. पहिल्या वर्षी ६,३०,००० घसारा ८,६४,००० चांगल्या नगांवर वाटला तर नगामागे साधारण ०.७३. यंदा ५,९५,००० वाटा १६,३२,००० वर, साधारण ०.३६. डबल डायने जे वाचलं ते हेच, तुमच्या शीटमध्ये ते दिसायला जागाच नव्हती कारण तिथे दर नगालाच खिळवलेला होता.

जमाखर्ची
डोक्यात प्रकाश पडला, खरंच. पण मग मागच्या दोन वर्षांचं काय करू? तेव्हा कमी लावलाय ना, स्ट्रोकने १०,५०,००० व्हायला हवा होता, मी लावला १०,०८,०००. ४२,००० कमी.

जनरेटरवाला
माझंही असंच काहीसं आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्याकडे एक जनरेटर आहे, तासांवर घसारा धरलाय, एकूण २०,००० तास. नऊ वर्षं झाली पण वीज फारशी जात नाही त्यामुळे मीटरवर ७,००० पण तास झाले नाहीत. वहीत किंमत अजून दणदणीत आहे आणि मागच्या महिन्यात कळलं की त्याच्या कंट्रोल कार्डचं उत्पादनच बंद झालंय, बिघडलं तर कार्ड मिळणार नाही. तर आता तास वाढवून दाखवावेत का?

दुसरी बाजू
तास वाढवून नका दाखवू हो, मीटर मीटरच्या जागी राहू दे. तुमचं मशीन वापराने जुनं होत नाहीये, न वापरता जुनं होतंय, म्हणून तासांची पद्धत तुम्हाला मुळातच सैल बसली. उरलेले १३,००० तास खरोखर मिळणार आहेत का हा प्रश्न दर वर्षअखेरीला विचारायचा असतो. चार हजारच मिळतील असं वाटत असेल तर शिल्लक किंमत त्या चार हजारांवर वाटा, किंवा सरळ उरलेल्या वर्षांवर या. आणि वहीतल्या किमतीएवढा पैसा त्यातून सुटणारच नसेल तर मूल्यघट तपासावी लागेल, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

जमाखर्ची, तुमचे ४२,०००. दोन तऱ्हेने बघता येतं. एक, ही चूक होती, कारण काउंटर तेव्हाही समोर होता आणि तुम्ही भलताच आकडा घेतलात. चूक मोठी असती तर मागच्या वर्षांचे आकडे दुरुस्त करून दाखवावे लागले असते, पण एवढी रक्कम तुमच्या ताळेबंदात लहान असेल तर यंदाच जोडून टाकतात, ५,९५,००० अधिक ४२,०००, एकूण ६,३७,०००. दुसरं, अंदाज बदलला असं म्हणून पुढच्या काळावर टाकायचं: ४६ लाखातून १०,०८,००० गेले, ३५,९२,००० उरले, भंगाराचे ४ लाख बाजूला, राहिले ३१,९२,०००. ते उरलेल्या ४५ लाख स्ट्रोकवर वाटले की दर साधारण ०.७०९३ आणि यंदाचा घसारा ६,०२,९३३. माझ्या मते ही चूकच आहे, अंदाज नव्हे, कारण ६० लाखाचा अंदाज तर तुम्ही बदललाच नाही. पण ऑडिटरशी बोला.

सरळमार्गी
म्हणूनच म्हणतो सरळ पद्धत बरी, यात भानगडी फार.

तेलकट बोटं
हिशेबातलं मला कळत नाही, प्रेसवर काम करतो म्हणून लिहितोय. एक, त्या स्क्रीनवर दोन काउंटर असतात, एक जॉबचा जो डाय बदलली की ऑपरेटर शून्य करतो, आणि एक टोटल ज्याला कोणी हात लावत नाही. तुमच्या लॉगबुकात कुठला लिहिलाय ते आधी बघा. आमच्याकडे दोन महिने जॉबचाच लिहीत होते आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ओळखायची सोपी खूण, काउंटर जर नगांच्या हिशेबाने यायला हवा त्यापेक्षा कमी दिसला तर तो मधे शून्य झालेला आहे. तुमचे आकडे जुळतायत पण.. जरा जास्तच गोल आहेत 😄

दुसरं महत्त्वाचं. डबल डायला तुमची प्रेस किती टनाने दाबतेय? एका ब्रॅकेटच्या जागी दोन कापायचे म्हणजे जोर जवळजवळ दुप्पट लागतो. आधी मशीन निम्म्या टनेजवर आरामात चालत असेल आणि आता पाटीवर लिहिलेल्या टनेजच्या जवळ गेली असेल तर तो ठोका आणि हा ठोका सारखा नाही. क्लच-ब्रेकची लायनिंग नुसत्या ठोक्यांवर जाते, रिकामा मारला तरी, सिंगल स्ट्रोकवर चालवली तर जास्तच. पण क्रँकचे बुश, स्लाइडच्या गाइड यांना लोड कळतो. ६० लाख हे सिंगल डाय धरून सांगितले होते ना?

जमाखर्ची
हो, सिंगल डाय डोक्यात ठेवूनच. लोड मॉनिटर आहे पण तो कोणी बघत नाही. काउंटरचं सांगायचं तर मी इथे हजारात गोल करून टाकलेत 😅 टोटलचाच आहे, आत्ता जाऊन स्क्रीन बघून आलो.

दुसरी बाजू
तेलकट बोटं यांनी दुखरी जागा बरोबर पकडली. असं असेल तर खरोखरच अंदाज बदलायची वेळ आहे, आणि तो अकाउंट्सने खुर्चीत बसून ठरवायचा नाही. उदाहरणार्थ मेंटेनन्स म्हणाला की डबल डायवर उरलेले ४५ नाही, ३५ लाखच निघतील. मग आधी ४२,००० ची दुरुस्ती करा, घसाऱ्यात जायचे राहतील ३१,५०,०००, भागिले ३५ लाख, स्ट्रोकमागे ०.९०. यंदाचा घसारा ७,६५,०००, नगामागे साधारण ०.४७. म्हणजे डबल डायचा फायदा आहेच, फक्त साहेबांना ०.३६ सांगून बसाल तर पुढे शब्द मागे घ्यावा लागेल.

तेलकट बोटं
३५ का ४० ते गाइडमधली फट मोजल्याशिवाय कोणी सांगू नये. मशीन नवी असताना मोजून ठेवली होती का?

जमाखर्ची
बसवताना आलेल्या माणसाने एक तक्ता दिला होता, फाइलमध्ये असायला हवा. उद्या मेंटेनन्सला घेऊन मोजतो आणि लोड मॉनिटरचा आकडाही टाकतो इथे. तोवर शीटमध्ये ५,९५,००० ठेवून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलंय.

जनरेटरवाला
नवीन धागा काढलाय मूल्यघटीचा, दुसरी बाजू तिकडे येता का जरा.