हिंदी मथळ्यातला ‘कल’ : काल की उद्या?

सायली : मी हिंदीतून आलेल्या बातम्यांवरून मराठी मथळे आणि फोटोओळी करते. आज आलेला एक मथळा गावाचं नाव काढून देते :

‘शिक्षकों का धरना कल, 3 जिलों में स्कूल बंद’

धरणं होऊन गेलं की व्हायचं आहे? शाळा बंद होत्या, आहेत की राहणार आहेत? क्रियापद एकही नाही आणि मजकुरासोबत तारीखही आलेली नाही. अशा वेळी तुम्ही काय धरून चालता?

रोहन : हिंदी मथळ्यात ‘है’ गाळायची पद्धत आहे. त्यामुळे क्रियापद नसेल तिथे वर्तमानकाळ समजायचा. ‘स्कूल बंद’ म्हणजे ‘स्कूल बंद हैं’. म्हणजे धरणं काल सुरू झालं आणि शाळा अजून बंद आहेत.

विनायककाका, इंदूर : रोहन, ‘है’ गाळतात हे खरं, पण तेवढंच गाळतात असं नाही. ‘दो गिरफ्तार’मध्ये ‘हुए’ गाळलंय, ‘मंत्री को नोटिस’मध्ये ‘मिला’ आणि ‘फैसला आज’मध्ये ‘आएगा’. पहिल्या दोन गोष्टी घडून गेल्या आहेत, तिसरी व्हायची आहे. नुसत्या ‘है’वर भिस्त ठेवली तर तिसऱ्या ठिकाणी फसगत होईल.

क्रियापद गेलं की त्याचा भार उरलेल्या शब्दांवर येतो, म्हणून आधी प्रत्यय बघायचे. ‘ने’ दिसला की काम झालेलं आहे, कारण हिंदीत ‘ने’ भविष्याबरोबर येतच नाही. ‘को’च्या पुढे नुसतं नाम असेल, म्हणजे ‘को जमानत’, ‘को राहत’, ‘को झटका’, तर त्या माणसाला ते मिळालेलं आहे. आणि एखाद्या कार्यक्रमाच्या नावापुढे नुसतं ‘आज’ किंवा ‘कल’ असेल, तर तो कार्यक्रम बहुतेक वेळा व्हायचा असतो. ‘मतगणना कल’ हे मतमोजणी झाल्यावर कोणी छापत नाही.

त्याचं कारण छापील वर्तमानपत्रात आहे. सकाळचा अंक जवळजवळ सगळा आदल्या दिवसाच्या घटनांचा असतो, तेव्हा मथळ्यात ‘काल’ सांगायची गरजच पडत नाही. वेगळं सांगावं लागतं ते उद्याचं. म्हणून मथळ्यातला एकटा ‘कल’ उद्याचा. कालचा असेल तर त्याच्या शेपटीला काहीतरी लावतात : ‘कल हुई बारिश से’, ‘कल के हादसे के बाद’.

सायली, तुझ्याकडे बातमीचं पहिलं वाक्य असेल ना? त्याचा शेवट बघ.

सायली : हो काका. ‘वेतन विसंगति के विरोध में शिक्षक शुक्रवार को धरना देंगे, जिसके चलते तीन जिलों के सरकारी स्कूल बंद रहेंगे।’

विनायककाका : मग मिटलं. ‘शुक्रवार को’वरून मागचा शुक्रवार की पुढचा ते कळत नाही, ते कळतं ‘देंगे’ आणि ‘रहेंगे’वरून. शेवटी ‘दिया’, ‘रहे’ असतं तर झालेलं. आणखी एक बघ, मजकुरात ‘सरकारी’ आहे, मथळ्यात जागेपायी ते उडालं. मी असा मथळा करीन : ‘शिक्षकांचे शुक्रवारी धरणे, तीन जिल्ह्यांतील सरकारी शाळा बंद राहणार’. ‘उद्या’ नको. तुमची बातमी रात्री बारानंतर कोणी उघडली तर तो उद्या आजचा होतो.

मंदाताई, भोपाळ : आमच्याकडे हे फार होतं. हिंदी पेपरातलं कात्रण फोटो काढून गटावर फिरतं, ‘पानी सप्लाई कल बंद’. वरची तारीख कापलेली असते. परवा आम्ही सगळ्या बादल्या भरून ठेवल्या आणि नळाला दिवसभर पाणी होतं, कारण कात्रण दोन दिवस जुनं होतं. पेपरवाल्यांनी सरळ ‘आनेवाला कल’ लिहावं की!

विनायककाका : मंदाताई, तिथे मथळा बरोबरच होता, तारीख गेली म्हणून बिघडलं. मी वर सांगितलेला नियम अंकाची तारीख हाताशी असेल तोवरच चालतो. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे, म्हणून निदान दिशा तरी कळते. पण जुन्या कात्रणातला ‘उद्या’सुद्धा तितकाच फसवेल.

रोहन : ‘कल’चं पटलं. पण बोलण्याच्या खुणेचं तरी सोपं आहे. ‘सीएम बोले- दोषियों को नहीं छोड़ेंगे’ यात आडव्या रेघेनंतरचे शब्द त्यांचेच, म्हणून मराठीत मी ते अवतरणात घालतो.

नीलिमा : इथे मी अडवते. मी हिंदी शिकवते आणि हे मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. ती रेघ ‘कि’च्या जागी आहे. हिंदीत ‘उसने कहा कि मैं आऊँगा’ असं म्हणताना ‘कि’नंतर बोलणाऱ्याचा ‘मैं’ तसाच ठेवता येतो, तरीही ते वाक्य शब्दशः त्याचंच असेल असं नाही. त्यामुळे ‘बोले-’च्या पुढचा मजकूर पुष्कळदा उपसंपादकाने आवळलेला सारांश असतो. नेता चार वाक्यं बोललेला असतो, मथळ्यात सहा शब्द उरतात. ते तुम्ही मराठीत अवतरणात घातलेत तर तो जे शब्द बोललाच नाही ते त्याच्या तोंडी जातात. ‘दोषींना सोडणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले’ किंवा ‘दोषींना सोडणार नाही : मुख्यमंत्री’ एवढं पुरे.

रोहन : मग हिंदी मथळ्यातच एकेरी अवतरण असेल तर? माझ्या मते तिथे पेपरला शंका असते, ‘तथाकथित’सारखं.

नीलिमा : कधीकधी. पण त्याच खुणेत योजनेचं नाव, मोहिमेचं नाव, चित्रपटाचं नाव आणि कोणाचा एखादाच खटकणारा शब्दही येतो. मजकुरात तोच शब्द शोधायचा. तिथे बोलणाऱ्याच्या पूर्ण वाक्यात तो सापडला तर उद्धृत, ‘नाम से’, ‘योजना के तहत’ असं काही असेल तर नाव. कुठेच नसेल तर शंकेची खूण असू शकते, आणि मग मराठीत ‘कथित’ लिहायचं की नाही हे उपसंपादकाला विचारूनच ठरवावं.

सायली : एक आकड्याचं राहिलं. ‘बिजली गिरने से 3 की मौत’चं मी ‘वीज पडून तिघांचा मृत्यू’ केलं आणि आमच्याकडे मला मजकूर पुन्हा वाचायला सांगितलं.

विनायककाका : योग्यच सांगितलं. हिंदीत ‘3 की’मध्ये ‘लोगों’ गाळलेलं असतं, आणि कोण माणसं ते झाकलेलंच राहतं. मराठी ‘तिघांचा’ म्हटलं की पुरुष, किंवा पुरुष आणि बायका दोन्ही, असा अर्थ होतो. शेतात लावणी करणाऱ्या तिन्ही बायका असतील तर ‘तिघींचा’ म्हणावं लागेल. चारपर्यंत दोघे, तिघे, चौघे आणि दोघी, तिघी, चौघी हा प्रश्न येतो. पुढे ‘पाच जणांचा’ म्हणून निभावतं, पण सगळ्या बायकाच असतील तर तिथेही ‘पाच जणींचा’ लागेल. म्हणजे हिंदी मथळ्यात नसलेली माहिती मराठीला द्यावीच लागते.

रोहन : आणि 3 की ३? हिंदी पेपरांत 1, 2, 3 दिसतात म्हणून आमच्याकडे काही जण तसेच उचलतात.

नीलिमा : घटनेच्या कलम ३४३ मध्ये संघाच्या कामकाजासाठी हिंदी देवनागरीत आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपात असं आहे. ते वर्तमानपत्रांवर बंधनकारक नाही, पण हिंदीत तेच अंक रुळले. मराठी छपाईत देवनागरी अंक टिकून आहेत, तेव्हा मराठी मथळ्यात ३ लिहावा.

सायली : आणि फोटोतच हिंदी फलक असेल, त्यावर ‘गेट नं. 3’ रंगवलेलं असेल, तर फोटोओळीत?

विनायककाका : मी ३ करीन. वाचक मराठी वाचतोय.

नीलिमा : मी नाही करणार. फलकावरचा मजकूर उद्धृत करतोय, तर तो जसा आहे तसा द्यावा.