शब्दचर्चा: ‘निरोप देते’ की ‘निरोप घेते’?

रानजाई : पुण्यातील पीजीत मी आणि माझी रूममेट दोन वर्षे एका खोलीत राहिलो. नव्या नोकरीसाठी मी रविवारी पहाटे बंगळूरला निघते आहे आणि तिची त्या दिवशी रात्रपाळी असल्यामुळे आमची भेट होणार नाही. तिच्या उशीवर ठेवायच्या चिठ्ठीत मी ‘आज मी तुला निरोप देत आहे’ असे लिहिले, परंतु ते वाक्य मलाच खटकते आहे. नेमके काय चुकले?

पारंबी : ‘निरोप’ म्हणजे सांगावा. जाण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून हा शब्दच काढून टाकावा.

जुना वाचक : सांगावा हा अर्थ खराच आहे, पण तो एकमेव नाही. निघण्याची अनुज्ञा हाही ‘निरोप’चा जुना अर्थ असून, पाहुणा यजमानाला ‘आता निरोप द्यावा’ असे म्हणतो तेव्हा तो ती अनुज्ञाच मागत असतो. म्हणून जो जातो तो निरोप घेतो आणि जो मागे राहतो तो देतो. आपल्या वाक्यात या भूमिका उलटल्या आहेत. ते वाचून रूममेटच कुठे तरी निघाली आहे असे वाटते, किंवा पुढे एखादा सांगावा येणार आहे असे वाटते. ‘तुझा निरोप घेते’ असे लिहावे.

ओसरी : मालकांना महिनाभर आधी लेखी कळवले आहे ना? मी कळवले नव्हते, त्यामुळे माझी अनामत रक्कम अडकली होती.

रानजाई : हो, ते झाले आहे. प्रश्न फक्त रूममेटच्या चिठ्ठीचा आहे. शेवटी ‘येते’ लिहू का? घरून निघताना ‘जाते’ म्हटले की आजी लगेच ‘येते म्हण’ असे सांगायची.

जुना वाचक : बोलताना ‘येते’ अगदी योग्य आहे, कारण समोरच्या माणसाला आपण निघालो आहोत हे दिसत असते. कागदावर ते दिसत नाही, त्यामुळे नुसते ‘येते’ वाचून ती संध्याकाळी आपली वाट पाहील. मी असे लिहिले असते : ‘तू हे वाचशील तेव्हा मी बंगळूरच्या वाटेवर असेन. प्रत्यक्ष भेट होत नाही, म्हणून या चिठ्ठीतूनच तुझा निरोप घेते. कपाटाची किल्ली मावशींकडे ठेवली आहे.’

पारंबी : ‘घेते’बद्दलचे म्हणणे पटले. ‘येते’ मात्र मी ठेवीन. बंगळूरचा उल्लेख वरच आल्यावर कोणाचा गैरसमज होणार आहे? दोन वर्षांच्या सोबतीनंतर चिठ्ठी किल्लीपाशी संपलेली मला तरी पाहवणार नाही.

रानजाई : ‘निरोप घेते’ हे पक्के केले. ‘येते’ लिहिण्यासाठी किल्लीच्या वाक्याखाली एक ओळ मोकळी सोडली आहे, ते शनिवारी रात्री ठरवीन.