मदत हवी आहे: रात्रीत पायाचा अंगठा लालभडक सुजलाय, हात लावू देत नाही

पक्या_७७
रात्री झोपलो तेव्हा काहीसुद्धा नव्हतं. पहाटे ठणक्याने जाग आली, बघतो तर उजव्या पायाचा अंगठा जिथे पावलाला जुळतो तो सांधा टम्म फुगलेला, लाल, आणि कातडी इतकी ताणलेली की चकाकतेय. हात न लावता नुसता जवळ नेला तरी धग जाणवते. पांघरूण अंगठ्यावर पडलं तरी जीव जातोय, शेवटी पाय बाहेर काढून बसलोय. घरात एक म्हणतोय मुरगळला, दुसरा म्हणतोय पिकतोय. मागे घसा धरला होता तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात, त्या सुरू करू का एवढंच सांगा. 'डॉक्टरकडे जा' हे मलाही कळतं, पण क्लिनिक उघडायला वेळ आहे.

निशाचर
युरिक अ‍ॅसिड! डोळे झाकून सांगतो, मला अगदी असंच झालं होतं. रक्त तपास, वाढलेलं आलं तर गाउट, नॉर्मल आलं तर गाउट नाही, विषय संपला.

मीरा_ग
थांबा जरा. वय काय? ताप आहे का? हुडहुडी भरली का? शुगर आहे का? पायाला कुठे चीर, जखम, नखाचं काही? रोजच्या गोळ्या कोणत्या? पूर्वी कधी असं झालंय? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि गोळी घेऊ का विचारताय.

घारू
मुरगळलाय तो. गरम पाण्याने शेका, क्रेप बँडेज घट्ट बांधा, संध्याकाळपर्यंत चालायला लागाल. फुटबॉल खेळायचो तेव्हा दर मोसमात हे व्हायचं.

सुलु_ताई
मलासुद्धा सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकवत नाहीत, टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, मग थोडं चाललं की कमी. हे पण युरिक अ‍ॅसिडच का?

पक्या_७७
वय ४६. शुगर नाही. ताप मोजला नाही पण अंग कसनुसं वाटतंय. जखम नाही. गेल्या आठवड्यात टेबलाच्या पायाला ठेच लागली होती, पण तेव्हा दोन मिनिटं कळवळलो आणि विसरलो. बीपीची एक गोळी आहे, तिचा काय संबंध? बरं, अँटिबायोटिकचं कोणीच बोलत नाहीये.

डॉ_निवांत
बीपीच्या गोळीचाच संबंध असू शकतो, म्हणून स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, कंपनीचं नाव नको, आतलं औषध सांगा. आणि आधी थर्मामीटर लावा.

घारू, ठेच लागली की दुखणं तेव्हाच सुरू होतं आणि सूज काही तासांत येते, काळंनिळं पडतं. आठवडाभर गप्प बसून मग एका रात्रीत पेटत नाही. मात्र गाउटच्या माणसाला मुका मार लागल्यावर अटॅक येऊ शकतो, तेव्हा ठेच पुसून टाकू नका, नोंद असू द्या. शेक नको, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. घट्ट बँडेज तर मुळीच नको.

पक्या, उजेडात नीट बघा. लाली सांध्याभोवतीच आहे की पावलावरून वर चाललीये? पेनने कडेला रेघ मारून ठेवा, थोड्या वेळाने रेघेबाहेर गेली का ते कळेल. बोटांच्या बेचक्यात भेगा, चिखल्या आहेत का? नखाच्या कडेला पू आहे का? सूज नखापाशी असेल तर ते नखुरडं, सांध्याचा प्रश्न नाही.

पक्या_७७
ताप ९९.४. लाली सांध्यावर आणि जरा आजूबाजूला, रेघ मारलीये. नख, बेचके साफ. अंगठा स्वतःहून हलवायचा विचारही करवत नाही. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलंय, आधी नुसतं पहिलं होतं, बीपी आटोक्यात येईना म्हणून हल्लीच बदलली. आणि अँटिबायोटिक क्लॅरिथ्रोमायसिन आहे. घेऊ?

डॉ_निवांत
नको. कारण सांगतो. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारं औषध, त्याने मूत्रपिंड युरिक अ‍ॅसिड नीट बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठतं, आणि सांध्यात त्याचे क्रिस्टल जमून सूज पेटली की तोच गाउट. हल्लीच सुरू झालेली गोळी, अंगठ्याच्या बुडाचा सांधा, झोपेतून उठवणारा ठणका, काही तासांत कळस, पांघरूणही सोसत नाही, हे सगळं गाउटकडे बोट दाखवतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका, बीपी उसळेल.

तरी गाउटच हे मी छातीठोकपणे म्हणत नाही. सांध्यात जंतू शिरले तरी तोच सांधा तसाच लाल आणि गरम होतो, आणि तो सांधा काही दिवसांत खराब होऊ शकतो. गाउटमध्येही ताप येतो, पण बहुतेक वेळा बारीक. अंग थडथडून थंडी वाजली, ताप १०१ च्या पुढे गेला, लाली रेघ ओलांडून वर सरकली, तर क्लिनिकची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा. शुगर असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनी तर ताप नसला तरी उशीर करू नये, कारण त्यांच्यात ताप येतोच असं नाही.

आता अँटिबायोटिक. खरंच जंतू असतील तर सांध्यातलं पाणी सुईने काढून ते वाढवून बघतात, कुठला जंतू आणि कुठलं औषध लागू पडतं ते कळतं. तुम्ही आधीच दोन-तीन गोळ्या खाल्ल्यात तर जंतू वाढतच नाहीत, रिपोर्ट कोरा येतो आणि डॉक्टर अंधारात. शिवाय गाउटला बऱ्याचदा कोल्चिसीन देतात. क्लॅरिथ्रोमायसिनने त्याचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं, ही जोडी जिवावर बेतू शकते. घेतली असेल तर आज डॉक्टरांना ते आधी सांगा.

सरळ_बोलतो
माझ्या सासऱ्यांना हेच झालं होतं, अँटिबायोटिकने आठवड्यात खडखडीत बरे. अनुभव आहे म्हणून सांगतो, उगाच भीती घालू नका.

डॉ_निवांत
गाउटचा अटॅक काही न करताही आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्या काळात जे पोटात गेलं त्याला श्रेय मिळतं. सासऱ्यांना जंतू होते की क्रिस्टल, हे गोळीने सिद्ध होत नाही.

सरळ_बोलतो
म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं चुकीचं होतं म्हणताय?

मीरा_ग
त्यांनी तसं म्हटलं नाहीये हो. पुन्हा वाचा.

पक्या_७७
आलो जाऊन. रेघ होती तिथेच आहे. युरिक अ‍ॅसिड ६.२, लॅबच्या कागदावर ७ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. पांढऱ्या पेशी जरा वाढलेल्या, सूज दाखवणारा सीआरपी बराच वाढलेला, मूत्रपिंडाचं क्रिएटिनीन नॉर्मल, एक्स-रेमध्ये काही नाही. डॉक्टर म्हणाले गाउट धरून चालू, कोल्चिसीन दिलंय, उद्या पुन्हा दाखवायला सांगितलंय. निशाचर, तुझ्या हिशोबाने मला गाउट नाही ना?

निशाचर
६.२ म्हणजे नाहीच. दुसऱ्या डॉक्टरला दाखव.

डॉ_निवांत
निशाचर, हा घोळ फार होतो. ऐन अटॅकमध्ये बऱ्याच जणांचं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येतं, कारण सूज पेटली की मूत्रपिंड ते जास्त बाहेर टाकतं. अटॅक ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासलं की खरा आकडा दिसतो. उलट पण खरं, आकडा ८-९ असूनही आयुष्यभर अटॅक न आलेले कितीतरी आहेत. आणि पेशी, सीआरपी गाउटमध्येही वाढतात, जंतूंमध्येही, त्यावरून निवाडा होत नाही. सुरुवातीच्या अटॅकमध्ये एक्स-रे साफच असतो, तो हाड मोडलेलं नाही एवढं सांगतो.

पक्की खूण एकच, सांध्यातलं पाणी ध्रुवित प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली बघायचं, सुईसारखे टोकदार क्रिस्टल दिसतात. अंगठ्याच्या छोट्या सांध्यातून पाणी काढणं किचकट म्हणून चित्र स्पष्ट असेल तर डॉक्टर लक्षणांवर उपचार सुरू करतात. पण क्रिस्टल सापडले म्हणून जंतू नाहीत असंही नसतं, दोन्ही एकत्र नांदू शकतात. म्हणून उद्या बोलावलंय, टाळू नका. एक-दोन दिवसांत उतार नाही पडला तर सुई लागेल.

घारू
मग बर्फ की शेक?

मीरा_ग
वर लिहिलंय, बर्फ.

पक्या_७७
ठणका निम्म्यावर आलाय, पण पोट बिघडलं, जुलाब. औषध जास्त झालं का? शेजारचे म्हणतात कोल्चिसीन जुलाब होईपर्यंत दर तासाला घ्यायचं असतं.

डॉ_निवांत
ती जुनी पद्धत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासाभरात १.८ मिलिग्रॅम आणि सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम यांची तुलना केली, आराम जवळपास सारखा आणि जुलाब कमी डोसला खूपच कमी. शेजाऱ्यांचं ऐकून वाढवू नका, चिठ्ठीवर आहे तेवढंच. जुलाब चालूच राहिले तर डॉक्टरांना फोन करून सांगा, आणि पाणी भरपूर प्या, शरीर कोरडं पडलं की अटॅक लांबतो.

निशाचर
आणि अ‍ॅलोप्युरिनॉल? मला पहिल्याच दिवशी दिलं होतं आणि त्यानंतर अटॅक उलट लांबला.

डॉ_निवांत
ते ठणक्याचं औषध नाही, पुढचे अटॅक टाळण्याचं आहे. युरिक अ‍ॅसिड झपाट्याने उतरलं की सांध्यात साठलेले क्रिस्टल ढिले होतात आणि नवा भडका उडू शकतो, म्हणून आधी छोट्या डोसने आणि सोबत कोल्चिसीनसारखं काहीतरी. पहिल्याच अटॅकनंतर सगळ्यांना लागतं असं नाही. पण आधीपासून चालू असेल तर अटॅकमध्ये बंद करायचं नाही, हे मात्र नक्की.

पक्या_७७
अंगठा उतरलाय, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटतेय आणि खाजतेय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं, सुई नाही लावली. आता ती बीपीची गोळी कोण बदलणार, हा की तो जुना डॉक्टर?

मीरा_ग
म्हणजे गाउट होतं हे सिद्ध झालंच नाही की.

डॉ_निवांत
नाहीच झालं, बरोबर आहे. पण पापुद्रे सुटणं, कोल्चिसीनला लगेच उतार पडणं, हे जुळतंय. पक्या, गोळी देणारेच बदलतील, त्यांना हे रिपोर्ट दाखवा. लोसार्टन नावाचं बीपीचं औषध युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं, ते तुम्हाला चालेल का हे त्यांना विचारा. मात्र बीपी एवढ्याने आटोक्यात येईल का हे तेच ठरवतील. आणि युरिक अ‍ॅसिड पुन्हा तपासायचं विसरू नका.

सुलु_ताई
माझ्या टाचेचं कोणी बघतंय का?

मीरा_ग
ताई, सकाळची पहिली पावलं दुखतात म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचं वाटतंय. नवा धागा काढा, इथे हरवेल.