विषय: दिवाळी अंकांचं पार्सल: बाबांच्या फोनवर मेसेज उशिरा

त्रिमूर्तीनगरची ताई:
मंडळी, मंडळाचं पार्सल नागपूरला बाबांच्या गेटवरून परत गेलं. अंक आणि संत्रा बर्फी घेऊन येणाऱ्या मुलाने सकाळी ११ ला "काकाजी, गेटवर आहे" असं व्हॉट्सॲपवर टाकलं. बाबांना ते सायंकाळी ५ ला दिसलं, तेही त्यांनी फोन उघडला तेव्हा. शुक्रवारी वहिनी नागपूरहून इकडे यायला निघतात, त्याआधी सामान त्यांच्याकडे पोचायला हवं. वायफाय घरी आहे, चांगलं चालतं. काय करू?

खरेदी समिती:
सामानाचं ठिकाण समितीला न विचारता बदललं, हे बरोबर झालं नाही. मागच्या वर्षी धरमपेठेतून उचललं होतं, तेव्हा काही अडचण आली नव्हती.

महालचे भाऊ:
ताई, बॅटरी सेव्हर बंद करायला सांगा. आमच्या आईच्या फोनवर तेवढ्यानेच झालं. आणि उघडी ॲपं रोज रात्री सगळी साफ करायची, फोन हलका राहतो.

जुने सचिव:
भाऊ, बॅटरी सेव्हरचं ठीक, पण ॲपं साफ करायला अजिबात सांगू नका. बहुतेक तिथेच गोम आहे.

ताई, आधी त्या मुलाला एकच विचारा: ५ वाजेपर्यंत त्याच्याकडे एक टिक होती की दोन? दोन असतील तर मेसेज फोनपर्यंत आला होता, फक्त वाजला नाही. मग आवाज, म्यूट, नोटिफिकेशनची परवानगी बघायची. एकच असेल तर तो फोनपर्यंत आलाच नाही, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी काही हाती लागणार नाही.

त्रिमूर्तीनगरची ताई:
एकच होती. बाबांनी ॲप उघडल्याबरोबर दोन झाल्या.

सिव्हिल लाइन्सवाल्या काकू:
माझ्या आयफोनवरही मंडळाच्या ग्रुपचं काहीच वाजत नाही. लो पॉवर मोड बंद केला तरी तेच.

जुने सचिव:
काकू, लो पॉवर मोडमध्ये मेल मागे पडते, पण चॅटचे मेसेज येतात. तुमचा ग्रुप म्यूट असेल, नावावर दाबून बघा.

ताई, अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्क्रीन बंद करून टेबलावर पडलेला फोन झोपी जातो आणि अधूनमधून तेवढा जागा होतो. पण चॅटवाले मेसेज तातडीचे म्हणून पाठवतात, ते त्या झोपेतूनही उठवतात. नुसत्या झोपेने सहा तास जात नाहीत. काही कंपन्यांच्या फोनवर मात्र उघडी ॲपं सरकवून साफ केली की ॲप पुरतं बंद पडतं, Force stop केल्यासारखं. मग हाताने उघडेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नाही. बाबा तसं करतात का?

त्रिमूर्तीनगरची ताई:
करतात! फोन तापतो म्हणून भाच्याने शिकवलं. जेवण झालं की अंगठ्याने सगळं वर सरकवतात, मग चष्मा काढून आडवे होतात.

आज फोनवर बोलत बोलत करून पाहिलं. इकडे रात्रीचा दीड वाजला होता. साफ न करता स्क्रीन बंद करायला लावली, मेसेज टाकला: लगेच दोन टिका. मग साफ करून स्क्रीन बंद: एकच टिक, दहा मिनिटं तशीच. मी म्हटलं, बाबा उघडा. उघडलं की दोन.

जुने सचिव:
मग सापडलं. ॲपच्या माहितीत जा, बॅटरीखाली Unrestricted करा. त्यांच्या फोनवर Autostart असेल तर तेही चालू करा. आणि ते सरकवणं सोडायला सांगा, नुसत्या सेटिंगवर भरवसा नको.

महालचे भाऊ:
पण आमची आई रोज साफ करते, तिला येतात ना मेसेज!

जुने सचिव:
येत असतील. सरकवलं की ॲप पुरतं बंद करायचं की नाही, हे फोन बनवणारा ठरवतो.

त्रिमूर्तीनगरची ताई:
केलं, घरी आता लगेच येतात. पण बाबा सीताबर्डीला बँकेत गेले तर पुन्हा एकच टिक. घरी पाऊल टाकलं आणि सगळे एकदम वाजले.

जुने सचिव:
ही वेगळी भानगड. बाहेर मोबाइल डेटा असतो, आणि Data Saver चालू असेल तर न उघडलेल्या ॲपला तो मिळत नाही. वायफाय लागलं की साठलेलं सगळं उतरतं. Data Saver मध्ये Unrestricted data च्या यादीत व्हॉट्सॲप चालू करा, बाकीचं राहू द्या, म्हणजे त्यांचा पॅक टिकेल.

खरेदी समिती:
गुरुवारी सामान धरमपेठेतच उचलू.

त्रिमूर्तीनगरची ताई:
नको, बाबा दोन दिवसांपासून वाट पाहून राहिले. यादीत चालू केलं, बर्डीहून दोन टिका आल्या. आज दुपारी मात्र एक मेसेज चाळीस मिनिटं अडकला, त्यांनी काहीही साफ केलं नव्हतं. त्याचं कारण कळलेलं नाही. म्हणून त्या मुलाला सांगितलंय: गेटवर आला की मेसेज नको, सरळ फोन लाव.