मदत हवी आहे: केकमधल्या व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टचं अल्कोहोल भाजल्यावर किती उरतं?

धरमपेठची आत्या:
रविवारी भाचीचा सहावा वाढदिवस आहे आणि केक मीच करणार आहे. नणंदेनं अमेरिकेहून व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टची बाटली आणली. बूच काढल्याबरोबर नाकात स्पिरिटचा वास गेला, म्हणून लेबल वाचलं तर अल्कोहोल ३५ टक्के!

भाचीचा बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आठ महिन्यांपासून दारूपासून दूर आहे. रोज डायसल्फिरामची गोळी घेतो. चुकून दारू पोटात गेली तर त्रास होईल, हे डॉक्टरांनी बजावलं आहे. लेकीच्या केकचा तुकडा तो खाणारच. मैद्याच्या मिश्रणात एक चमचा आणि वरच्या बटरक्रीममध्ये अर्धा चमचा एक्स्ट्रॅक्ट जातं. केक १८० अंशांवर ३५ मिनिटं भाजते. चालेल का?

विज्ञानमास्तर:
ताई, घाबरू नका. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं आणि तुमचं ओव्हन १८० वर आहे. सगळं उडून जाईल, थेंबभरही राहणार नाही.

इतवारीवाली:
माझ्याकडे तर २० वर्षांपासून इतवारीतून आणलेला इसेन्स आहे, त्याला कधीच दारूचा वास आला नाही. नातवंडांनाही त्याचाच केक देते. केक अंड्याचा आहे की बिनअंड्याचा?

ओव्हनवाली काकी:
मी १५ वर्षांपासून घरून केकच्या ऑर्डरी घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इतवारीवाली, तुमचा इसेन्स आणि ताईंचं एक्स्ट्रॅक्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगा अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेला अर्क. अमेरिकेच्या नियमात त्यात निदान ३५ टक्के अल्कोहोल असावंच लागतं. आपल्याकडच्या स्वस्त इसेन्समध्ये बहुतेक वेळा कृत्रिम व्हॅनिलिन असतं, ते प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेलं. लेबलवर त्याचा आकडा १५२० दिसेल. पण काही इसेन्समध्येही अल्कोहोल असतं, तेव्हा वासावर जाऊ नका, लेबल वाचा.

मास्तर, ७८ अंश बरोबर आहे, पण ते निव्वळ अल्कोहोलचं. केकमध्ये ते पाण्यात मिसळलेलं असतं आणि पाण्यासोबत हळूहळू निघतं. ओव्हन १८० वर असलं तरी केकचा गाभा १०० च्या आतच राहतो, आणि वरून पापडी धरली की वाफेची वाटही अडते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात, मिश्रणात ढवळलेलं अल्कोहोल १५ मिनिटं भाजल्यावर ४० टक्के आणि अर्ध्या तासानं ३५ टक्के उरतं, असं दिलं आहे. हा अंदाज आहे, भांड्याच्या पसरटपणानुसार कमीजास्त होतो.

आता ताईंचा केक धरा. एक चमचा म्हणजे ५ मिली, त्यात अल्कोहोल पावणेदोन मिली. भाजल्यावर त्यातलं साधारण ०.६ मिली राहील. पण बटरक्रीमला आच लागतच नाही. अर्ध्या चमच्यातलं जवळपास ०.९ मिली तसंच राहणार. म्हणजे वरच्या अर्ध्या चमच्यातलं अल्कोहोल आतल्या एका चमच्यापेक्षा जास्त! बारा तुकडे केले तर एका तुकड्यात ०.१३ मिलीच्या आसपास.

विज्ञानमास्तर:
मग तेवढ्यानं काय होतं? यीस्टच्या पावातही थोडं अल्कोहोल असतंच. तो पाव खात नाही का?

ओव्हनवाली काकी:
पावाचं खरं आहे, आणि एरवी घरातल्या कोणालाही मी हा केक बिनधास्त दिला असता. पण डायसल्फिराम घेणाऱ्याला किती चालतं, ते ओव्हनवालीनं सांगू नये. काहींना अगदी थोड्यानंही चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असा त्रास होतो. ताई, बाटलीचं लेबल दाखवून डॉक्टरांनाच विचारा.

धरमपेठची आत्या:
आत्ताच फोन केला. डॉक्टर म्हणाले, पावाची चिंता नको, पण अल्कोहोल आहे हे माहीत असताना मुद्दाम घालू नका, क्रीममध्ये तर नकोच. शिवाय तो वासच त्याला नको, असंही म्हणाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केक करताना तो माझ्या स्वयंपाकघरातच बसलेला असतो हो.

मृग बहाराची संत्री बाजारात आली आहेत. रस घालू का?

ओव्हनवाली काकी:
रसानं बटरक्रीम फाटू शकतं, साल घ्या. दोन संत्री धुऊन, पुसून फक्त नारिंगी भाग बारीक किसा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलायच्या आधीच किसा, नाहीतर किसणीखाली दबते. पांढरा भाग आला तर कडवट लागेल. हा कीस मिश्रणातल्या साखरेत बोटांनी चोळा आणि दहा मिनिटं ठेवा, साखर ओलसर नारिंगी होते. क्रीममध्ये चिमूटभर कीस पुरे.

इतवारीवाली:
मी माझ्या बाटलीचं लेबल चष्मा लावून पाहिलं. १५२० दिसला बरं का. पण खाली अजून एक ओळ आहे, ती पुसली गेली आहे. आता ही बाटली वापरू की नको?

ओव्हनवाली काकी:
नातवंडांसाठी वापरा. ताईंच्या भावाला देऊ नका.